मोटार नुसती गुणगुणते, पाणी काही येत नाही : जास्तीत जास्त पॉवर आणि निम्म्या विजेची राख, नेमकं गणित काय?

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात रब्बीच्या दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. लाइट आली, स्टार्टरचं बटण दाबलं, मोटार नुसती हूं हूं करत राहिली आणि पाइपातून थेंबभर पाणी आलं नाही. दोन-तीनदा असं झालं की वाइंडिंग जळल्याचा वास येतो आणि मोटार काढून रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागते.

दोष कुणाला? बहुतेक वेळा 'डीपीवर व्होल्टेज नाही' असं उत्तर मिळतं. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा व्होल्टेज डीपीपासून निघालेलं असतं, मीटरपाशी पोहोचलेलंही असतं आणि मीटरपासून विहिरीपर्यंतच्या वायरमध्ये हरवलेलं असतं.

या हरवण्यामागे विजेच्या अभ्यासक्रमातला एक जुना नियम आहे. पॉलिटेक्निकला किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला तो शिकवला जातो : लोडचा रोध सोर्सच्या रोधाइतका असेल, तर लोडला जास्तीत जास्त पॉवर मिळते. परीक्षेत पाच मार्कांना येतो आणि विसरला जातो. विहिरीवरच्या मोटारीला तो लावून पाहिला, की ती का गुणगुणते ते कळतं.

आधी उदाहरण ठरवून घेऊ

समजा जिंतूर तालुक्यातल्या एका शेतात मीटर रस्त्याच्या कडेला आहे आणि विहीर आत ४०० मीटरवर. मधे तांब्याची अडीच एमएमची वायर टाकलेली आहे. सिंगल फेज, २३० व्होल्ट.

अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. आता अंतर ४०० मीटर असलं तरी करंटला फेजमधून जायचं आहे आणि न्यूट्रलमधून परत यायचं आहे. म्हणजे वायर झाली ८०० मीटर. रोध निघतो ५.९ ओहम. हिशेबाला सोपा म्हणून ६ ओहम धरू. (उन्हात तापलेल्या वायरचा रोध याहून जास्तच असतो. परभणीच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको.)

हिशेब करताना चुकतं ते इथेच. अंतर एकेरी धरलं जातं, उत्तर निम्मं येतं आणि मग 'कागदावर तर बरोबर होतं' असं म्हणायची वेळ येते.

आता विहिरीपाशी उभं राहून विचार केला, तर सोर्स म्हणजे काय? २३० व्होल्ट आणि त्याच्यामागे लागलेला ६ ओहमचा रोध. मीटरच्या मागे डीपी, फीडर, सबस्टेशन काहीही असो, तिकडून विहिरीपर्यंत जे येतं ते एवढंच. डीपीचा आणि बाहेरच्या लाइनचा रोध इथे शून्य मानला आहे. प्रत्यक्षात तो असतो आणि या सहात त्याची भर पडते.

या सहा ओहमला `Rs` म्हणू. विहिरीवर जे जोडायचं त्याच्या रोधाला `RL`. दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत, म्हणून करंट दोघांतून तोच जातो :

```
I  = V / (Rs + RL)
PL = I² × RL
```

लोड बदलत गेलं तर काय होतं?

विहिरीवर मोटार नाही, एक साधा हिटर लावला आहे असं क्षणभर धरू. त्याचा रोध हवा तसा बदलता येतो.

५४ ओहमचा हिटर लावला. एकूण रोध ६०, करंट ३.८ अँपिअर. हिटरवर २०७ व्होल्ट मिळाले आणि पॉवर मिळाली ७९३ वॅट. वायरमध्ये जळाले फक्त ८८ वॅट. छान चाललंय.

पॉवर आणखी हवी म्हणून रोध कमी करून २४ ओहम केला. करंट वाढून ७.७ अँपिअर झाला, हिटरला १,४११ वॅट मिळाले. वायरमध्ये मात्र आता ३५३ वॅट जाऊ लागले. १२ ओहमवर आणलं तर हिटरला १,९६० वॅट आणि वायरला ९८०.

६ ओहमवर आणलं. करंट १९.२ अँपिअर. हिटरला २,२०४ वॅट आणि वायरलाही २,२०४ वॅट.

इथपर्यंत रोध कमी केला की पॉवर वाढत होती. पण ६ वरून ३ ओहमवर आणलं की करंट वाढून २५.६ अँपिअर होतो आणि हिटरला मिळणारी पॉवर चक्क कमी होते : १,९६० वॅट. २ ओहमवर १,६५३ वॅट. शून्यावर आणलं, म्हणजे सरळ शॉर्ट केलं, तर ३८ अँपिअर करंट वाहील (फ्यूज उडेपर्यंत) आणि लोडला मिळेल शून्य.

म्हणजे ६ ओहम हे शिखर आहे. त्याच्या एका बाजूला करंट कमी पडतो, दुसऱ्या बाजूला व्होल्टेज. आणि शिखर नेमकं तिथेच आलं जिथे लोडचा रोध वायरच्या रोधाइतका झाला.

पण तिथेच का?

पुस्तकात याची सिद्धता कॅल्क्युलसने देतात. पॉवरच्या सूत्राचं `RL` च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, शून्याबरोबर मांडायचं, मग `RL = Rs` निघतं. पण त्याची गरज नाही. तारेच्या कुंपणाचं उदाहरण पुरतं.

शेताला कुंपण घालायला तार ठरावीक लांबीची आहे आणि जागा चौकोनी आखायची आहे. लांबी वाढवली की रुंदी कमी करावी लागते. जास्तीत जास्त क्षेत्र कुठल्या आकारात मिळतं? लांबी आणि रुंदी सारखी ठेवली तर. दोन संख्यांची बेरीज ठरलेली असेल, तर त्यांचा गुणाकार त्या समान असताना सगळ्यात मोठा असतो.

इथेही तसंच आहे. २३० व्होल्टची वाटणी दोघांत होते, काही वायर खाते आणि उरलेले लोडला मिळतात. बेरीज कायम २३०. करंट म्हणजे वायरने खाल्लेले व्होल्ट भागिले ६. लोडची पॉवर म्हणजे लोडचे व्होल्ट गुणिले करंट. म्हणजे :

```
PL = (लोडचे व्होल्ट × वायरचे व्होल्ट) / 6
```

बेरीज ठरलेली, गुणाकार मोठा हवा. मग दोघांना सारखे, ११५ आणि ११५ व्होल्ट. दोघांचे व्होल्ट सारखे आणि करंट तर एकच, म्हणजे रोधही सारखे. झालं.

यावरून जास्तीत जास्त पॉवरचं सूत्रही मिळतं :

```
Pmax = V² / (4 × Rs)
```

२३० चा वर्ग ५२,९००. भागिले २४. उत्तर २,२०४ वॅट. या सूत्रात लोडचा पत्ताच नाही. हा आकडा वायरचा आहे, मोटारीचा नाही. या वायरच्या टोकाला कितीही एचपीची मोटार लावा, कुठल्याही कंपनीची लावा, २,२०४ वॅटच्या वर तिला पॉवर मिळणार नाही.

मग एफिशियन्सी किती?

सोर्समधून जेवढी पॉवर निघाली त्यातली किती लोडपर्यंत पोहोचली, ती एफिशियन्सी. करंट दोघांना एकच असल्यामुळे हिशेब फक्त रोधांचा राहतो :

```
η = RL / (Rs + RL)
```

५४ ओहमला ९० टक्के. २४ ओहमला ८० टक्के. १२ ओहमला ६७ टक्के. आणि जास्तीत जास्त पॉवरच्या जागी, ६ ओहमला, नेमके ५० टक्के. वायर कुठलीही असो, व्होल्टेज कितीही असो, `RL = Rs` म्हटलं की ५० टक्केच.

वरच्या आकड्यांत आणखी एक गंमत लपली आहे. १२ ओहमला १,९६० वॅट मिळाले आणि ३ ओहमलाही १,९६० वॅटच मिळाले. पण १२ ओहमवर मीटरमधून २,९४० वॅट निघत होते आणि ३ ओहमवर ५,८८०. हिटरला मिळालं तेवढंच, वायरमध्ये जळालं ते चौपट. शिखराखालची प्रत्येक पॉवर अशी दोन ठिकाणी मिळते. एक जागा शहाणपणाची, दुसरी उधळपट्टीची. एकीची एफिशियन्सी ६७ टक्के असेल तर दुसरीची ३३, एकीची ७५ तर दुसरीची २५. दोघींची बेरीज १०० येते.

हे दोन ठिकाणांचं प्रकरण मोटारीच्या बाबतीत फार महागात पडतं.

आता हिटर काढून मोटार लावू

हिटरचा रोध ठरलेला असतो. मोटारीचा नसतो. मोटारीला पाणी वर ढकलायचं असतं, त्यासाठी तिला ठरावीक पॉवर लागते. व्होल्टेज कमी पडलं तर ती करंट जास्त ओढून भरपाई करू पाहते.

दीड एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल घेऊ. दीड एचपी म्हणजे शाफ्टवर साधारण १,१२० वॅट. मोटारीचे स्वतःचे लॉस धरले तर विजेकडून तिला १,७०० वॅटच्या आसपास लागतात. आपल्या वायरवर ती कुठे स्थिरावेल?

लोडचे व्होल्ट गुणिले वायरचे व्होल्ट, भागिले ६, उत्तर १,७०० यायला हवं. म्हणजे गुणाकार १०,२०० आणि बेरीज २३०. अशा दोन संख्या आहेत १७० आणि ६०.

म्हणजे मोटार १७० व्होल्टवर १० अँपिअर घेऊन चालू शकते, वायर ६० व्होल्ट आणि ६०० वॅट खाईल. एफिशियन्सी ७४ टक्के. किंवा कागदावर ६० व्होल्टवर २८ अँपिअर घेऊनही तेवढीच पॉवर मिळते, पण तिथे मोटार चालत नाही, जळते.

१७० व्होल्टवर मोटार चालते हेही तसं कुथत कुथतच. इंडक्शन मोटारीची ताकद, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १७० भागिले २३० चा वर्ग केला तर ०.५५ येतो. मोटारीची जोर लावायची क्षमता जवळपास निम्म्यावर आली.

पण ही झाली चालू असलेली मोटार. खरी अडचण चालू होताना येते.

थांबलेली मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, कारण त्या क्षणी तिचा रोध फार कमी असतो. आपल्या मोटारीचा तो ५ ओहम धरू. २३० व्होल्ट थेट मिळाले असते तर ४६ अँपिअर करंट गेला असता. पण मधे ६ ओहमची वायर आहे. एकूण ११ ओहम, करंट २१ अँपिअर आणि मोटारीवर पोहोचले जेमतेम १०५ व्होल्ट.

१०५ व्होल्टवर सुरुवातीचा टॉर्क किती? पाचवा हिस्सा. तेवढ्यात विहिरीतल्या पाण्याचा स्तंभ उचलला जात नाही. मोटार फिरत नाही, नुसती गुणगुणते. फिरली नाही म्हणून रोध ५ ओहमच राहतो.

आता ५ ओहम हा आकडा पुन्हा पाहा. वायर ६ ओहमची आहे. म्हणजे अडकलेली मोटार जवळजवळ नेमकी शिखरावर बसली आहे! तिला २,१८६ वॅट मिळत आहेत, म्हणजे ही वायर देऊ शकते त्यातले ९९ टक्के. 'जास्तीत जास्त पॉवर' मिळाली खरी. पण शाफ्ट फिरत नसल्यामुळे ती सगळी वाइंडिंगमध्ये उष्णता होऊन बसली. नीट चालणाऱ्या मोटारीत १,७०० मधले ५००-६०० वॅट उष्णतेत जातात आणि तेही भोवतीचं पाणी वाहून नेतं. इथे त्याच्या चौपट उष्णता एका जागी. ओव्हरलोड रिलेने वेळेत पाडलं नाही, तर काही वेळात इन्सुलेशन जाणार.

मग एखादा सल्ला देतो, 'दीड एचपीला जोर नाही, दोनची टाक.' दोन एचपीच्या मोटारीला चालू असताना साधारण २,३०० वॅट लागतील. वायरचं शिखर २,२०४ वर आहे. बेरीज २३० आणि गुणाकार १३,८०० येतील अशा दोन संख्याच नाहीत, कारण ११५ गुणिले ११५ होतात १३,२२५. म्हणजे पूर्ण लोडवर ही मोटार या वायरवर चालणं शक्यच नाही, कशीबशी सुरू झाली तरी.

हा सगळा हिशेब मोटारीला शुद्ध रोध समजून केला आहे. खऱ्या मोटारीचा पॉवर फॅक्टर एकापेक्षा कमी असतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटसाठी तिला करंट जास्त लागतो. म्हणजे शेतावरची स्थिती या आकड्यांपेक्षा थोडी वाईटच असणार.

दोष वायरचा की डीपीचा, कसं ओळखायचं?

यासाठी मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर लागतं. गावातल्या वायरमनकडे दोन्ही असतात. चालू लाइनवरचं काम असल्याने ते त्यालाच करू द्यावं.

मोटार बंद असताना विहिरीपाशी व्होल्टेज मोजायचं. समजा २२८ आलं. मोटार चालू करून पुन्हा मोजायचं, १६८ आलं. त्याच वेळी क्लॅम्प मीटरने करंट पाहायचा, १० अँपिअर. व्होल्टेज पडलं ६०, करंट १०, म्हणून मागचा सगळा रोध ६ ओहम. सोर्सचा आतला रोध काढायची हीच रीत आहे, बॅटरी असो की डीपी :

```
Rs = (बंद असतानाचे V − चालू असतानाचे V) / I
```

मग तेच मीटरपाशी करायचं. तिथे मोटार चालू झाल्यावर २२८ चे २२५ झाले, तर पडझड मीटर ते विहीर या वायरमध्ये आहे. तिथेही ५० व्होल्ट पडत असतील तर दोष मीटरच्या मागे आहे, लाइनमध्ये किंवा एखाद्या सैल जोडात. आणि आपली मोटार बंद असतानाच व्होल्टेज १७० दिसत असेल, तर तो भार इतरांच्या मोटारींचा आहे. डीपीवर जास्त कनेक्शन झालेत. तेव्हा विहिरीची वायर बदलून फरक पडणार नाही, महावितरणकडेच जावं लागेल.

सैल किंवा कार्बन धरलेला एखादा जोडही एक-दोन ओहम खाऊ शकतो. तो हाताला गरम लागतो म्हणतात, पण हात लावून पाहायच्या भानगडीत पडू नये. त्या जोडाभोवतीचं प्लास्टिक काळवंडलेलं किंवा वितळलेलं दिसतं, तेवढी खूण पुरे.

वायर बदलली तर?

त्याच ४०० मीटरसाठी अडीचऐवजी सहा एमएमची तांब्याची वायर घेतली, तर रोध किलोमीटरला साधारण ३.१ ओहम. ८०० मीटरचे झाले २.५ ओहम.

शिखर कुठे गेलं? ५२,९०० भागिले १०, म्हणजे ५,२९० वॅट. मोटारीला हवेत १,७००. आता ती शिखरापासून लांब, शहाणपणाच्या बाजूला बसते : २१० व्होल्ट, ८.१ अँपिअर, वायरमध्ये फक्त १६४ वॅट. एफिशियन्सी ९१ टक्के. चालू होतानाही मोटारीवर १५३ व्होल्ट मिळतात आणि टॉर्क पाचव्या हिश्शावरून ४४ टक्क्यांवर येतो.

वायरमधला लॉस ६०० वॅटवरून १६४ वर आला. रोज आठ तास मोटार चालली तर साडेतीन युनिटची बचत. पण २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. त्यामुळे ही बचत शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही. जाड वायरचा खर्च मात्र लगेच दिसतो. रिवाइंडिंगचा खर्चही दिसतो, पण त्याचा संबंध कुणी वायरशी जोडत नाही.

इथे नियमाची एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. सोर्सचा रोध ठरलेला असेल आणि लोड निवडायचं असेल, तर `RL = Rs` ला जास्तीत जास्त पॉवर मिळते. पण सोर्सचा रोध निवडायची मुभा असेल, तर तो लोडइतका ठेवू नये, शक्य तितका कमी ठेवावा. पुष्कळ विद्यार्थी हे उलटं लावतात, 'लोड ६ ओहमचं आहे म्हणून वायरही ६ ओहमची हवी.' तसं केलं तर पॉवर वाढणार नाही, घटेल.

हाच गोंधळ दीडशे वर्षांपूर्वी झाला होता

जास्तीत जास्त पॉवरचा हा नियम मॉरिट्झ फॉन याकोबी या जर्मन वंशाच्या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. १८४० च्या सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्गला बॅटरीवर चालणाऱ्या मोटारींवर काम करताना त्याने तो मांडला. पुढे अनेकांनी त्याचा अर्थ असा काढला, की विजेच्या यंत्राची एफिशियन्सी ५० टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही.

१८७९ च्या आसपास थॉमस एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी डायनामोची रचना करताना ही समजूत बाजूला ठेवली. त्यांनी डायनामोचा आतला रोध बाहेरच्या दिव्यांच्या मानाने खूप कमी ठेवला. जास्तीत जास्त पॉवर ओढायचीच नाही, जास्तीत जास्त एफिशियन्सी मिळवायची, हा त्यामागचा विचार.

आजही वीजनिर्मिती याच विचाराने चालते. परभणी जिल्ह्यातलंच उदाहरण घ्यायचं तर पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचं जलविद्युत केंद्र २२.५ मेगावॅटचं आहे. ते `RL = Rs` च्या जागी चालवायचं ठरवलं, तर बाहेर २२.५ मेगावॅट देताना तेवढेच जनरेटर आणि तारांमध्ये उष्णता होऊन जातील. अर्थात तसं होण्याआधीच वाइंडिंग वितळलेली असेल.

मग हा नियम वापरायचा कुठे?

जिथे इंधनाचे पैसे लागत नाहीत आणि हाती येतंय ते कमी आहे, तिथे. अँटेनाने पकडलेला सिग्नल इतका बारीक असतो, की त्यातला निम्मा वाया गेला याचं कुणाला दुःख नसतं. मिळेल तेवढा पुढे न्यायचा, एवढंच बघतात. डिश टीव्हीची केबल ७५ ओहमची आणि सेट टॉप बॉक्सचं इनपुटही ७५ ओहमचं असतं, ते या जुळवणीसाठीच (सिग्नल उलटा फिरून येऊ नये हेही एक कारण आहे).

आणि दुसरी जागा सध्या शिवाराशिवारात दिसते, सोलर पंप. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे ७.५ एचपीचा पंप मिळतो. पॅनल आणि मोटार यांच्या मधे एक कंट्रोलरचा डबा असतो. त्याच्या माहितीपत्रकावर `MPPT` लिहिलेलं असतं. जास्तीत जास्त पॉवरची जागा शोधत राहायची, हे त्याचं काम.

शोधत राहायची म्हणजे काय? ३३० वॅटचं एक पॅनल घेऊ. कडक उन्हात ते साधारण ३७.५ व्होल्ट आणि ८.८ अँपिअरवर आपली पूर्ण पॉवर देतं. व्होल्ट भागिले अँपिअर, ४.३ ओहम. म्हणजे भर दुपारी या पॅनलला ४.३ ओहमचं लोड सगळ्यात योग्य.

सकाळी ऊन पाव असेल तेव्हा पॅनलचा करंट पावपट होतो, २.२ अँपिअर. व्होल्टेज मात्र फारसं पडत नाही, ३६ च्या आसपास राहतं. आता योग्य लोड झालं १६ ओहम आणि मिळू शकणारी पॉवर ८० वॅट. तिथे दुपारचंच ४.३ ओहमचं लोड ठेवलं तर? करंट फार तर २.३ अँपिअर, व्होल्टेज कोसळून १० आणि हाती आले २३ वॅट. ऊन पावपट असताना पॉवर चौदाव्या हिश्शावर.

कंट्रोलर हे टाळतो. मोटारीचा वेग किंचित वाढवतो, पॅनलची पॉवर वाढली का पाहतो. वाढली तर त्याच दिशेने आणखी पुढे, घटली तर मागे. ढग आला की पुन्हा शोध सुरू. त्यामुळे ढगाळ दिवशी मोटारीचा आवाज सतत चढतो-उतरतो. तो बिघाड नाही.

मग सोलर पंपाचीही निम्मी पॉवर वाया जाते का? नाही. ५० टक्क्यांचा हिशेब वायर किंवा बॅटरीसारख्या सोर्सचा आहे, ज्याचा आतला रोध ठरलेला असतो. पॅनल तसं वागत नाही. शून्य व्होल्टपासून जवळपास ३५ व्होल्टपर्यंत त्याचा करंट फारसा बदलत नाही आणि नंतर एकदम कोसळतो. शिखर या कोसळण्याच्या कडेवर असतं. उघड्या टोकांवर मोजलं तर पॅनल साधारण ४६ व्होल्ट दाखवतं आणि पूर्ण पॉवर मिळते ३७.५ ला. आतला रोध ठरलेला असता, तर ती २३ व्होल्टला मिळाली असती.

म्हणून सोलर पंप बसवताना वायर निवडायची पद्धत मात्र विहिरीच्या मोटारीसारखीच राहते. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत आणि कंट्रोलरपासून मोटारीपर्यंत वायरचा रोध लोडच्या मानाने अगदी कमी हवा. कंट्रोलर पॅनलचं शिखर शोधून देतो, बारीक वायरने खाल्लेले व्होल्ट त्याला परत आणता येत नाहीत.